भात कोंब्यो खातात

दिग्गीच्या घरात पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. बेळगावच्या मराठी शाळेत जाणारा, शुद्धलेखनात दहापैकी नऊ मिळवणारा. पानात आमटीसारखं काही आलं, कंदाची भाजी आली, पुढचं काही येईना. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आजी, भात वाढ."

आजीनं हातातला डाव तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या कणगीकडे पाहिलं.

"भात? आतां? कोंब्यांक घालूंक?"

घरातले सगळे हसले. मला वाटलं आजीला कमी ऐकू येतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं भात मागितला. तेव्हा ती पानासमोर उकिडवी बसली आणि ज्या सुरात पुढे मला शाळेत गणिताच्या बाई नियम सांगत त्या सुरात म्हणाली, "भात कोंब्यो खातात. मनीस शीत जेवता. शीत म्हण."

मी शीत म्हटलं. ताबडतोब गरम, लालसर, जाड दाण्याचा ढीग पानात पडला. मला तो अर्थातच भातच दिसत होता.

दिग्गी हे जोयडा तालुक्यातलं गोव्याच्या हद्दीला खेटलेलं जंगलातलं गाव. काळी नदी इथे उगम पावते. पुढे तिला धरणं भेटतात आणि कारवारला ती समुद्राला मिळते. त्यांतल्या एका धरणात सुपा हे गाव गेलं, म्हणून तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. तालुक्याचं जुनं नाव आता धरणाला उरलं आहे. गावातल्या कुणब्यांची शाळा कानडीत, भजन मराठीत आणि भांडण त्यांच्या स्वतःच्या बोलीत. तिला ते कोकणी म्हणतात. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कोकणीला मराठीच्या पोटात जागा होती, आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून गेली. या सगळ्या स्थलांतरात आजी चुलीपुढून हललेली नाही.

तर मी ठरवलं, या शिताचा माग काढायचा. कॉलेजात भाषाशास्त्राचा एक पेपर होता, तेवढं भांडवल. वही घेऊन दिवाळीत दिग्गीला गेलो आणि पहिल्याच दुपारी माती खाल्ली. मी विचारलं, "आजी, तू भाताला काय म्हणतेस?"

"भात."

"आणि शीत?"

"शीत."

वहीत दोन शब्द, दोन्ही मला आधीच ठाऊक असलेले. चूक माझ्या प्रश्नात होती. आपला शब्द समोरच्याच्या तोंडात घालून त्याच्याकडून त्याचा शब्द मागितला की बहुतेक वेळा आपलाच शब्द परत मिळतो. त्यातून आजी ही फार सभ्य बाई. परका माणूस दिसला की ती बोली बदलते. कानडी कंडक्टरशी बोलताना ती 'अन्न' म्हणते, मराठी कीर्तनकार बुवा आले की चक्क 'भात' म्हणते आणि काहीही न बोलता त्यांच्या पानात शीत वाढते. म्हणजे मी वही उघडली की मी बुवा झालो!

बोलींचं काम करणारी माणसं हा धडा फार आधी शिकलेली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यात गावोगाव जाऊन लोकांना बोलतं केलं आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं. मग मीही वही मिटली आणि वस्तूच्या मागे लागलो. कणगीतली मूठ उचलून आजीसमोर धरली. भात. ते उकडून, वाळवून, कांडून सुपात आलं तेव्हा त्यातली मूठ धरली. तांदूळ. चुलीवरच्या मडक्यातलं डावावर घेऊन धरलं. शीत. मडक्यातलं पातळ वाटीत ओतलं. पेज. एकाच दाण्याचा हा जन्मक्रम, आणि आजीकडे प्रत्येक जन्माला वेगळं नाव आहे. आपण प्रमाण मराठीवाले शेतातही भात लावतो, गिरणीतही भात भरडतो आणि ताटातही भातच जेवतो. आजीच्या कानांनी ऐकलं तर 'भात करपला' हे वाक्य दुष्काळाची बातमी आहे, आपल्याकडे ती गॅसची तक्रार असते.

चौथ्या की पाचव्या दिवशी, मी काहीच विचारत नसताना, खरा मुद्दा हाती आला. चुलतभावाची पोरं जेवताना खाली सांडत होती. आजी ओरडली, "शितां सांडूं नाका रे!"

शितां. अनेकवचन. म्हणजे मडक्यातला सगळा ढीग मिळून एक शीत, आणि जमिनीवर सांडलेले सुटे दाणे म्हणजे शितां. मी जेवण सोडून वही आणायला उठलो, तर त्याबद्दलही बोलणी खाल्ली.

आपल्या मराठीतही शीत आहेच की. फक्त ते आता दोन म्हणींच्या आधारानं जगतं. 'शितावरून भाताची परीक्षा' आणि 'असतील शितं तर जमतील भुतं'. या म्हणी सोडल्या तर शीत आपल्याला पत्रिकेचं पाकीट चिकटवताना, घरात गोंद नसेल तरच आठवतं. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात शीत म्हणजे शिजलेल्या तांदळाचा दाणा असा अर्थ आहे आणि त्याचं मूळ म्हणून संस्कृत 'सिक्थ' दिलं आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश आता कोणालाही पाहता येतो. मी तो बेळगावला परतल्यावर रात्री पाहिला आणि खूश होऊन बायकोला उठवलं. तिनं विचारलं, "मग आता भाताला काय म्हणायचं?" प्रश्न रास्त होता, वेळ रात्री साडेबाराची होती.

कोशात मूळ दिलं आहे म्हणून ते मानायचं, असं नसतं. जुन्या कोशकारांना संस्कृताचा लोभ होता आणि दिसायला जवळचा शब्द सापडला की ते तो कंसात टाकून मोकळे होत. त्यामुळे मूळ पारखून घ्यावं लागतं. माझ्यापुढे उमेदवार तीन होते. मोल्सवर्थचं सिक्थ हा एक. दुसरा आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांचा. ते म्हणाले, "शीत म्हणजे थंड, हो! कुणबी लोक रात्रीचा गार भात सकाळी खातात, त्यावरून शीत." तिसरा आमच्या काकाचा. तो म्हणाला, शिजतं ते शीत, त्यात शोधायचं काय?

मास्तरांची व्युत्पत्ती ऐकायला फार गोड आहे. अशा व्युत्पत्त्या नेहमीच गोड असतात, कारण त्यांत गोष्ट असते. पण ध्वनी गोष्ट ऐकत नाहीत, ते आपल्या वाटेनं जातात. संस्कृतातला शब्द प्राकृतातून मराठीत उतरताना दोन स्वरांच्या मधे एकटाच सापडलेला 'त' टिकत नाही. मातेची माय झाली, त कुठे गेला कोणी पाहिलं नाही. शताचे शे झाले, तिथेही तो गेला. मग थंड या अर्थाचं शीत लोकांच्या तोंडून खाली उतरलं असतं तर त्यातलाही त गळायला हवा होता. आणि तो गळलेला सापडतोसुद्धा: शीतल, प्राकृतात सीअल, मराठीत शिळा. आपण शिळी भाकरी म्हणतो तेव्हा खरं तर थंड भाकरी म्हणत असतो. मास्तरांचा थंडपणा शितात नाहीच, तो शिळ्यात जाऊन बसला आहे. आजी सकाळी मडक्याचं झाकण काढून 'शिळें शीत' म्हणते, तेव्हा मास्तरांना हवा असलेला शब्द तिच्या तोंडात असतो, फक्त तो पहिला असतो, दुसरा नव्हे.

काकाचंही तसंच. शिजणे हे सिध्यति या क्रियापदावरून, मधल्या सिज्झइ या पायरीनं आलं आहे. त्यातला ज पक्का आहे. शिजला, शिजेल, शिजवलं, कुठेही तो जागा सोडत नाही. शितात त्याचा मागमूस नाही. शब्द शेजारी राहतात, एकाच चुलीवर असतात, म्हणून ते नात्यातले ठरत नाहीत. काकाला हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "असूं दी." हे त्याचं नेहमीचं उत्तर आहे, धरणापासून व्युत्पत्तीपर्यंत सगळ्याला.

उरलं सिक्थ. याचा थ एकटा नाही, त्याच्यामागे क आहे. असं जोडाक्षर प्राकृतात सारखं होतं आणि दुप्पट होतं, म्हणून सिक्थचं सित्थ. मराठीत येताना ही दुप्पट सुटते आणि तिच्या बदल्यात आधीचा स्वर लांबतो. भक्तचं भत्त आणि मग भात, सप्तचं सत्त आणि मग सात, ही त्याच रांगेतली माणसं. राहिला 'थ'चा 'त'. तो हस्तात पाहायला मिळतो. हस्त, हत्थ आणि मराठीत हात. हिंदीवाले अजून हाथ म्हणतात, आपण शेवटचा श्वास वाचवला. आणि पुढे इ आली की मराठी 'स'चा 'श' करते: सीमेची शीव, सिध्यतिचं शिजणे. म्हणून सिक्थचं शीत. चारही बदल मराठीच्या रोजच्या सवयीतले आहेत, एकाही ठिकाणी 'अपवाद' म्हणून हात जोडावे लागत नाहीत. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथात असल्या सवयी मांडून ठेवल्या आहेत. वा. गो. परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवादही केला आहे. कोणाला माग काढायचा असेल तर कोशाच्या शेजारी तो ठेवावा. नुसता कोश हातात असला की माणसाचा मास्तर होतो.

ध्वनी जुळले म्हणून काम संपत नाही, अर्थही जुळायला हवा. कारण सिक्थचा दुसरा एक अर्थ आहे मेण. आयुर्वेदाच्या दुकानात भेगांसाठी सिक्थतैल मिळतं, ते मेण आणि तेलाचं असतं. माझी आई अनेक वर्षं ते टाचांना चोळते आहे. तेव्हा तांदळाचा दाणा म्हणून हा शब्द खरोखर कोणी वापरत होतं का, हे पाहायला हवं. त्याची साक्ष सुश्रुतसंहितेत मिळाली. तिथे पातळ पदार्थांची प्रतवारी आहे. ज्यात सिक्थ मुळीच नाही तो मंड, ज्यात सिक्थ आहेत ती पेया, ज्यात पुष्कळ आहेत ती विलेपी. हे वाचताना मला दिग्गीची चूल दिसायला लागली, कारण पेया म्हणजे आपली पेजच. आजारी नातवासाठी आजी वरचं नुसतं पाणी काढते, जरा बरं वाटलं की चार शितं घालते, भूक लागली की डाव खालपर्यंत नेते. सुश्रुतानं मोजमाप दिलं, आजीनं डाव दिला.

दुसरी साक्ष पालीतली. बौद्ध भिक्षूंच्या विनयात जेवणाच्या शिस्तीचे बारीकसारीक नियम आहेत, मोठे घास घेऊ नयेत, तोंडात घास असताना बोलू नये वगैरे. त्यांत एक नियम असा की जेवताना 'सित्थ' सांडू नयेत. पाली सित्थ म्हणजे तोच शिजलेल्या तांदळाचा दाणा. मी तो नियम वाचला आणि खुर्चीत मागे टेकलो. दोन हजार वर्षांमागच्या भिक्षूंना जी ताकीद दिली गेली तीच, त्याच शब्दाच्या पणतीनं, दिग्गीत आमच्या चुलतभावाच्या पोरांना दिली होती. भिक्षूंनी ऐकलं की नाही माहीत नाही. पोरांनी ऐकलं नाही.

इथपर्यंत आल्यावर कोणालाही एक मोह होतो. मलाही झाला. बघा, खेड्यातल्या अडाणी आजीनं प्राचीन शब्द जपला आणि शहरातल्या आपण तो गमावला, असा लेख मनात तयार झाला होता, शेवटच्या परिच्छेदातल्या डोळ्यांच्या कडांसकट. पण हिशेब तसा लागत नव्हता. सुश्रुताचा सिक्थ दाणा आहे, पालीतला सित्थ दाणा आहे, मोल्सवर्थचं शीत दाणा आहे. म्हणजे जुना अर्थ आपल्या म्हणीतल्या शितानं राखला आहे. आजीच्या बोलीनं मात्र तो दाणा फुगवला आणि मडकंभर केला. 'शितां'त दाणा अजून शिल्लक आहे, पण 'शीत' म्हटलं की सगळा ढीग. नवं काही करणारी असेल तर ती आजी!

भाताचंही पाहा. भक्त म्हणजे मुळात वाटा, वाटणीला आलेलं अन्न, आणि मग शिजवलेले तांदूळ. म्हणजे भात आधी ताटात होता. तो शेतात नंतर गेला. आजीनं तो कणगीत नेऊन ठेवला आणि पुन्हा ताटात येऊ दिला नाही. आपण त्याला दोन्हीकडे मोकळा सोडला. हा शब्द कणगीत नेणारी आजी एकटी नाही. कानडीत अन्न निराळं, तांदूळ म्हणजे अक्की आणि टरफलासकट असेल तर भत्त. पश्चिम किनाऱ्यावरचे गोरे साहेबसुद्धा आपल्या इंग्रजीत शेतातल्या साळीला 'बॅटी' म्हणत, ते याच वळणाचं. कानडीनं हे वळण कोकणीला दिलं की उलट झालं, यावर मी पैज लावणार नाही. शतकानुशतकं एकाच बांधावर उभं राहून बोलणाऱ्या माणसांत उसनवारीची चिठ्ठी कोण लिहून ठेवतो? मला एवढं मात्र पटतं की दोन्ही हालचाली एकमेकींना धरून झाल्या असाव्यात. भात कणगीत गेला, ताट रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या जागेत शीत पसरलं. की शीत आधी पसरलं आणि त्यानं भाताला बाहेर ढकललं? माझ्याजवळच्या कागदांवरून ते ठरत नाही.

म्हणजे काम अर्धवट राहिलं म्हणा. शब्द कुठून आला ते कळलं, अर्थ कधी सरकला ते नाही. त्यासाठी कारवार, काणकोण, मंगळूरकडचे जुने नमुने पाहावे लागतील. अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकात दक्षिण कानड्याच्या कोकणीपासून कुडाळीपर्यंत एकेक बोलीवर स्वतंत्र पुस्तकं काढली, तिथून सुरुवात करता येते. माझी एक प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून येते आहे, गेले चार महिने येतेच आहे.

मधल्या काळात मी आजीवर म्हणीचा प्रयोग केला. तिच्या बोलीत 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीचा अर्थ काय लागतो, हे मला पाहायचं होतं. आपल्या लेखी म्हण साधी आहे, एक दाणा दाबून पाहायचा आणि सगळा भात शिजला का ते ओळखायचं. आजीच्या लेखी शीत म्हणजे शिजलेलं आणि भात म्हणजे कणगीतलं. म्हणजे म्हण उलटीपालटी होऊन कोसळणार, अशी माझी खात्री होती. मी म्हण सांगितली. ती सूप पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "खरेंच तें. शीत रांदल्याबगर भात कशें तें कशें कळटलें?"

मी गप्प. तिचं म्हणणं असं, की बियाणं कसलं निघालं, पावसात भिजलं का, नीट वाळलं का, हे कणगीत बघून कळत नाही. शिजवून पानात पडलं की कळतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं म्हण अशीच अधिक शहाणी आहे. आपली म्हण दहा मिनिटांच्या स्वयंपाकाची, तिची सहा महिन्यांच्या पिकाची. मी वहीत लिहिलं, 'म्हण टिकली, परीक्षक बदलला', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

निघायच्या दिवशी सकाळी आजीनं फडक्यात बांधलेलं एक गाठोडं माझ्या पिशवीत सारलं. "भात बांदलां," म्हणाली. मी नको नको म्हणालो. एवढ्या म्हातारपणी पहाटे उठून चूल पेटवायची काय गरज होती, बेळगाव काही काशी नव्हे. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहत होती, पण बस आली.

रामनगरच्या स्टँडवर बस अर्धा तास थांबली. भूक लागली होती. कॅन्टीनमधून लोणच्याची एक पुडी आणली, बाकावर ऐसपैस बसलो, मांडीवर रुमाल पसरला आणि गाठोडं सोडलं.

टरफलासकट, सोनेरी, निवडून घेतलेलं, चांगलं दोन शेर भात. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी घरचं बियाणं हवं आहे असं मीच गणपतीत सांगितलं होतं.

लोणच्याची पुडी हातात धरून मी तसाच बसलो होतो. कॅन्टीनच्या मागून एक तांबडी कोंबडी आली आणि मान वाकडी करून फडक्याकडे पाहू लागली.